आपल्या नावाचे परके खाते

सोलापूरच्या चादरीला नावाच्या चोरीचा अनुभव नवा नाही. परप्रांतातील यंत्रमागांवर विणलेला हलका माल ‘सोलापुरी’ म्हणून बाजारात खपविला जातो, ही येथील कारखानदारांची तक्रार फार जुनी आहे. आणि 1999 च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखाली सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल या दोन्ही नावांची नोंद झाल्यानंतरही ती तक्रार सर्वस्वी मिटली आहे, असे म्हणता येणार नाही. तथापि त्या जुन्या नकलेत एक गोष्ट तरी निश्चित होती, ती ही की नकली का होईना, पण गिऱ्हाइकाच्या पदरात एक चादर पडत असे. आजचा चोर माग लावीत नाही, सूत विकत घेत नाही, गाळा भाड्याने घेत नाही. तो आपल्या दुकानाचे नाव आणि आपण काढलेली छायाचित्रे उचलतो, त्यांचे एक खाते उभारतो, आणि जी वस्तू त्याने कधी डोळ्यांनीही पाहिलेली नाही, तिचे पैसे आगाऊ घेऊन मोकळा होतो.

हा प्रकार कसा उघडकीस येतो आणि त्यावर क्रमाने काय करावे, हे एका कल्पित परंतु सर्वस्वी संभवनीय उदाहरणावरून पाहू. समजा, भद्रावती पेठेत राहणारी एक गृहिणी सासऱ्यांच्या मागावरच्या चादरी इन्स्टाग्रामवर विकते. तिचे दुकान नाही, तिच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही नाही. चार वर्षांत जोडलेली अडीच-तीन हजार माणसे आणि स्वतःच्या फोनवर काढलेली छायाचित्रे एवढेच तिचे भांडवल. एके सकाळी नागपूरहून एका अनोळखी बाईंचा फोन येतो, आणि त्या रागावून विचारतात, “पैसे भरून आठ दिवस झाले, माझ्या दोन चादरी कुठे आहेत?” ही गोंधळते, कारण त्या नावाची मागणी तिच्या वहीत कोठेच नाही. चौकशीअंती कळते की बाईंनी पैसे भरले ते खाते हिचे नव्हेच. नाव तेच, मोराचे तेच चित्र, माहितीचा तोच मजकूर. फरक इतकाच की हिच्या खात्याच्या नावात दोन शब्दांमध्ये एक अधोरेषा आहे आणि त्या खात्यात दोन आहेत. हिची साडेबाराशेची चादर तेथे पाचशेला होती, आणि माल घरी पोहोचल्यावर पैसे देण्याची सोय मात्र नव्हती.

आपल्या नावाचे असे खाते आपल्याला इतके दिवस दिसले कसे नाही, हा प्रश्न अशा वेळी प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर साधे आहे: चोराने पहिले काम केले असेल तर ते मूळ मालकाला ब्लॉक करण्याचे. आपल्या खात्यातून शोध घेतला तर ते खाते आपल्यापुरते अस्तित्वातच नसते. म्हणून ते पाहायचे तर नवऱ्याच्या, भावाच्या किंवा शेजारणीच्या फोनवरून पाहावे. त्याचे गिऱ्हाईक कोठून आले, हेही कोडे नाही. आपले खाते सार्वजनिक असेल तर आपल्या अनुयायांची यादी कोणालाही वाचता येते. चोर त्या यादीतील नावांना एकामागून एक अनुसरतो, आणि ज्यांना आपला परिचय आहे अशाच माणसांना निरोप धाडतो की सणानिमित्त सवलत आहे, किंवा आपण सोडतीत चादर जिंकली असून केवळ पाठवणीचा खर्च भरावयाचा आहे. अविश्वास वाटावा असा परका माणूस तो नसतोच. आपण चार वर्षांत मिळविलेला विश्वासच तो वापरीत असतो.

अशा प्रसंगी मालकाचा पहिला ओढा त्या खात्याकडे असतो, ते बंद कसे पडेल याकडे. माझ्या मते ही चूक आहे. खाते उद्याही राहील. पैसे राहणार नाहीत. यूपीआयने गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तेथून रोखीने बाहेर, असा प्रवास फार थोड्या वेळात करते. तो रोखण्याची जी यंत्रणा देशात आहे, ती 1930 हा दूरध्वनी क्रमांक आणि cybercrime.gov.in हे संकेतस्थळ यांमधून चालते. तेथे तक्रार पोहोचली की ज्या बँकेत रक्कम पोहोचली असेल तिला तत्काळ सूचना जाते आणि जेवढी रक्कम अद्याप शिल्लक असेल तेवढी गोठविली जाते. म्हणून नागपूरच्या बाईंना त्याच फोनवर सांगावयाचे ते हे, की इतर सर्व बोलणे मागाहून; आधी 1930 लावा. आठ दिवस उलटल्यावर फारशी आशा उरत नाही हे खरे, परंतु त्याच खात्यात काल पैसे भरलेली दुसरी एखादी व्यक्ती असू शकते, आणि बाईंच्या तक्रारीमुळे ते बँकखाते गोठले तर तिचा बचाव होतो.

तक्रार देताना बाईंपाशी एक गोष्ट अवश्य असावी: व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, ज्याला बँकेत यूटीआर म्हणतात. पैसे भरलेल्या ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवले की तो तपशिलात सापडतो. त्याच्या जोडीला तारीख, वेळ, रक्कम आणि ज्याला पैसे गेले त्या खातेदाराचे पडद्यावर दिसलेले नाव. हे शेवटचे नाव पुष्कळदा निराळीच कथा सांगते. चादरीच्या दुकानाचे पैसे एखाद्या अगदी अनोळखी इसमाच्या नावावर गेलेले असतात. बहुधा तो इसमही खरा सूत्रधार नसतो. थोड्या पैशांच्या लोभाने आपले बँकखाते वापरू देणारा असतो. म्हणून त्याचे नाव व क्रमांक आपल्या खात्यावर जाहीर करून ‘हाच चोर’ असे लिहू नये. त्याने तपासाला मदत होत नाही आणि अब्रुनुकसानीचा दावा मात्र आपल्या गळ्यात पडू शकतो.

ही पैशाची तक्रार ज्याचे पैसे गेले त्यानेच द्यावयाची असते. आपण त्याच्या वतीने ती देऊ शकत नाही. परंतु एक गोष्ट आपण करू शकतो आणि ती फार उपयोगी पडते: आपल्या दुकानाच्या नावाने, सहीनिशी, एका पानाचे पत्र बाईंना पाठवावे की अमुक पत्त्याचे खाते आमचे नाही, अमुक यूपीआय पत्ता आमचा नाही, आमचे खरे खाते आणि पैसे घेण्याचा खरा पत्ता अमुक आहे, आणि अमुक तारखेस आम्हांस हा प्रकार प्रथम समजला. या पत्राने गिऱ्हाइकाचा प्रसंग ‘दुकानदाराने माल दिला नाही’ या ग्राहकतक्रारीतून निघून तोतयेगिरीच्या फसवणुकीत येतो, आणि ठाणे अंमलदारापुढे त्यांना तेच ते सांगत बसावे लागत नाही.

आता पुराव्याकडे वळू. चोराला एकही शब्द लिहिण्यापूर्वी, एकही रिपोर्ट करण्यापूर्वी हे काम उरकावे, कारण त्याला चाहूल लागली की तो खात्याचे नाव बदलतो आणि आपली तक्रार अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर जाऊन पडते. केवळ दर्शनी पानाचे छायाचित्र पुरत नाही. शक्य तर संगणकाच्या ब्राउझरमध्ये ते खाते उघडून, वरच्या पट्टीतील संपूर्ण पत्ता आणि कोपऱ्यातील तारीख-वेळ दिसेल अशा रीतीने पडदा टिपावा. चोरलेल्या प्रत्येक छायाचित्राच्या पानाचा स्वतंत्र पत्ता, ज्यात instagram.com नंतर /p/ आणि काही अक्षरे येतात, वेगळा उतरून घ्यावा. खात्याचे नाव बदलले तरी छायाचित्राच्या पानाची ती अक्षरे बदलत नाहीत, आणि म्हणून पुढे तेच खरे काम देतात. कित्येक खात्यांवर About this account असा पर्याय असतो. तेथे खाते केव्हा उघडले आणि पूर्वी किती वेळा नाव बदलले हे दिसते. आपल्या खात्याला चार वर्षे आणि त्याच्या खात्याला तीन आठवडे, एवढी एक ओळ पुष्कळ काही सिद्ध करते. हे सर्व ज्या फोनवर किंवा संगणकावर टिपले ते यंत्र जपून ठेवावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज न्यायालयात दाखल करताना तो कोणत्या यंत्रातून आणि कसा निघाला याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि यंत्रच विकून टाकले असेल तर ते देणे अवघड होते.

यानंतर खाते बंद पाडण्याचा प्रश्न येतो, आणि येथे बहुतेक लहान व्यावसायिकांची वाट चुकते. ते नावासाठी भांडतात. ‘हे नाव माझे आहे’ असे इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीला पुनःपुन्हा लिहितात, आणि व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा क्रमांक काय, असा उलट प्रश्न आला की निरुत्तर होतात. कारण नावावरचा हक्क सांगणाऱ्या अर्जात तो रकाना असतोच. नोंदणी नसलेल्या नावालाही कायद्याचे संरक्षण नाही असे नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 27 मध्ये तो मार्ग राखून ठेवला आहे. परंतु तो दिवाणी दाव्याचा मार्ग आहे, ज्यात आपले नाव लोकांत किती रुजले आहे हे जुन्या पावत्या, जाहिराती आणि गिऱ्हाइकांच्या साक्षी यांनी सिद्ध करावे लागते. दूर देशी बसून अर्ज तपासणाऱ्या माणसाकडून तेवढ्या निवाड्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

त्या गृहिणीपाशी नावाची नोंदणी नसली तरी दुसरा एक हक्क तिला आपोआप मिळालेला आहे, आणि तो म्हणजे छायाचित्राचा. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, 1957 प्रमाणे छायाचित्राचा कर्ता ते काढणारा. आणि ज्या क्षणी तिने खिडकीजवळ चादर पसरून फोनवर चित्र टिपले, त्या क्षणी तो हक्क निर्माण झाला. त्याला अर्ज लागत नाही, फी लागत नाही, नोंदणी करता येत असली तरी ती सक्तीची नाही. म्हणून तोतयेगिरीची तक्रार देतानाच तिच्या जोडीला प्रतिलिप्यधिकाराची स्वतंत्र तक्रार त्याच कंपनीच्या त्यासाठीच्या अर्जातून द्यावी, आणि तीत ‘माझी चित्रे चोरली’ असे मोघम न लिहिता दोन-दोन पत्त्यांच्या जोड्या द्याव्यात: हे माझ्या खात्यावरील मूळ, अमुक तारखेचे, ही त्या खात्यावरील नक्कल, अमुक तारखेची. पाच-सहा जोड्या पुरतात. एकाच खात्यावर अशा तक्रारी साचत गेल्या म्हणजे केवळ चित्रे नव्हे, तर खातेच बंद होण्याचा संभव वाढतो. एक खबरदारी घ्यावी: या अर्जातील आपले नाव आणि ईमेल समोरच्या पक्षास कळविले जाऊ शकते. घरचा ईमेल न देता धंद्याचा द्यावा.

मूळ चित्र आपले आहे, हे कशाने सिद्ध होते? फोनच्या संग्रहात पडलेली मूळ फाइल ही बळकट साक्ष; तीत चित्र काढल्याची तारीख, वेळ आणि फोनचे नाव सामान्यतः नमूद असते. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पाठविलेल्या प्रतीतून हा तपशील गळून जातो, तेव्हा ‘जागा भरली’ म्हणून मूळ पुसून टाकून व्हॉट्सॲपची प्रत ठेवणे म्हणजे हातातला दाखला फाडून टाकणे होय. त्याहून चांगली साक्ष मला वाटते ती त्याच वेळी काढलेल्या, परंतु कधीही प्रसिद्ध न केलेल्या चित्रांची: तीच चादर, तोच उजेड, पण कोपऱ्यात मुलाचा हात आला म्हणून टाकून दिलेले चित्र, किंवा कडा न कापलेले मूळ, ज्यात बाजूची भिंत आणि माग दिसतो. चोरापाशी कापलेले चित्र असू शकते, कापलेल्या भागाबाहेरचे जग त्याच्यापाशी असू शकत नाही.

या हक्काला मर्यादाही आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर तक्रार उलटते. चित्र पैसे देऊन छायाचित्रकाराकडून काढवून घेतले असेल तर, निराळा करार नसल्यास, कलम 17 प्रमाणे पहिला मालक पैसे देणाराच ठरतो. परंतु एखाद्या मित्राने स्नेहापोटी फुकट काढून दिले असेल तर हक्क मित्राचा राहतो, आणि तो आपल्याकडे यावा यासाठी त्याची सही असलेला लेख लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची मानतो, तेव्हा मुदत स्पष्ट लिहावी. घाऊक व्यापाऱ्याच्या सूचिपत्रातून घेतलेली चित्रे तर आपली नव्हेतच. त्यांच्या जोरावर तक्रार करणारा स्वतःच आरोपीच्या जागी उभा राहतो.

कंपनीच्या अर्जाने दाद लागली नाही तर प्रतिलिप्यधिकार नियम, 2013 मधील नियम 75 प्रमाणे लेखी नोटीस देता येते. तीत चित्राचे वर्णन, आपल्या मालकीचा आधार, नकलेचा नेमका पत्ता आणि ती नक्कल कायद्याने माफ केलेल्या उपयोगात कशी बसत नाही याचे कारण लिहावे लागते. आणि नोटीस समाधानकारक असेल तर मध्यस्थ कंपनीने 36 तासांत त्या सामग्रीपर्यंतची वाट बंद करावी, अशी तरतूद आहे. पण त्याच नोटिशीत 21 दिवसांत सक्षम न्यायालयाचा हुकूम आणून दाखविण्याची हमी द्यावी लागते, आणि हुकूम आला नाही तर कंपनीला ती सामग्री पुन्हा खुली करता येते. म्हणून वकिलाशी बोलल्यावाचून ही नोटीस धाडू नये. दावा करावाच लागला तर तो सोलापुरातच जिल्हा न्यायालयात करता येतो. प्रतिवादी कोठे राहतो हे शोधत परगावी जाण्याची सक्ती नाही, कारण 1957 च्या कायद्याचे कलम 62 फिर्यादीच्या राहत्या किंवा धंद्याच्या ठिकाणी दावा चालविण्याची मुभा देते. चोराचे नाव माहीत नसल्याने अडत नाही. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध ‘अशोक कुमार’ या नावाने हुकूम देण्याची प्रथा आपल्या उच्च न्यायालयांत रुळलेली आहे. मात्र पाचशे रुपयांच्या फसवणुकीचे दोन-चार प्रसंग असताना एवढा खर्च क्वचितच परवडतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

कंपनीने तक्रार फेटाळली किंवा मुदतीत निकालच दिला नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in या संकेतस्थळावरून 30 दिवसांच्या आत अपील करता येते. त्यासाठी कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक लागतो. तो ज्या ईमेलमध्ये आला असेल तो जपावा.

पोलिसांकडे आपली स्वतःची तक्रार वेगळी द्यावी. ती पैशाची नव्हे, तोतयेगिरीची. शहरात राहणाऱ्याने शहर पोलीस आयुक्तालयाच्या सायबर ठाण्यात आणि बार्शी, अक्कलकोट, पंढरपूरकडच्याने ग्रामीण पोलिसांकडे जावे हे सोयीचे. परंतु हद्दीच्या कारणावरून तक्रार परत पाठविता येत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर नोंदविण्याची तरतूद आहे. अर्जात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 चे कलम 66 ड, ज्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि भारतीय न्याय संहितेतील तोतयेगिरीने फसवणुकीचे कलम 319 यांचा उल्लेख करावा. आणि सोबत फसलेल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे पोच क्रमांक जोडावेत. एकट्या दुकानदाराच्या अर्जाला ‘तुमचे तर काही गेले नाही’ असे उत्तर मिळण्याचा धोका असतो. तीन गावच्या तीन गिऱ्हाइकांचे क्रमांक एकाच बँकखात्याकडे बोट दाखवू लागले म्हणजे त्या अर्जाचे वजन बदलते.

आपल्या गिऱ्हाइकांना सूचना द्यावयाची ती पुरावा टिपून झाल्यावर, पण त्याच दिवशी. तीत खोट्या खात्याचा दुवा देऊ नये, कारण सूचनेतूनच काही माणसे तेथे पोहोचतात; त्याच्या नावाचे चित्र द्यावे आणि फरकाच्या जागेवर वर्तुळ काढावे. मजकूर लांबवू नये: “आमच्या नावाचे व आमच्या चित्रांचे दुसरे एक खाते पैसे मागत आहे. ते आमचे नाही. आम्ही सोडत काढलेली नाही. पैसे भरताना पडद्यावर अमुक हेच नाव दिसले पाहिजे. दुसरे दिसल्यास थांबा. पैसे भरले असल्यास आधी 1930 ला फोन करा, मग आम्हांला कळवा.” पैसे भरताना दिसणारे नाव हीच सामान्य माणसाला तत्काळ पडताळता येणारी खूण आहे, म्हणून ते नाव प्रत्येक पावतीवर आणि खात्याच्या माहितीत कायम असावे. चित्रावर कोपऱ्यात आपले नाव छापण्याचा उपाय पुष्कळजण करतात, पण कोपरा कापता येतो. त्यापेक्षा दुकानाच्या नावाची चिठ्ठी चादरीच्या घडीवर ठेवून, किंवा विणणाऱ्याचा हात मध्यावर येईल अशा बेताने चित्र काढणे अधिक टिकते.

गडबड शमली की नावाच्या नोंदणीचा अर्ज करून टाकावा. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4,500 रुपये आहे. चादरी आणि टॉवेल चोविसाव्या वर्गात येतात. अर्ज स्वीकारला जाऊन नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी चार महिने ठेवावे लागतात, तेव्हा दाखला हाती येण्यास अवकाश लागतो. तोवर नावापुढे ™ लिहिता येते, ® मात्र लिहू नये, कारण नोंदणी नसता ती खूण लावणे हाच गुन्हा आहे. ‘सोलापुरी चादर’ हे शब्द मात्र कोणा एकाच्या मालकीचे होत नाहीत. ते या गावच्या सर्व विणकरांचे आहेत, आणि मानांकनाच्या नोंदवहीत अधिकृत उपयोगकर्ता म्हणून आपले नाव दाखल करून घेतल्यास त्यांच्या गैरवापराविरुद्धही आपल्याला उभे राहता येते.

पहिले खाते बंद झाले की महिन्या-दोन महिन्यांत तीन अधोरेषांचे दुसरे उघडते, याची तयारी ठेवावी. त्या वेळी सर्व नव्याने करावे लागू नये म्हणून छायाचित्रांच्या जोड्या, मूळ फाइली, गिऱ्हाइकास द्यावयाच्या पत्राचा मसुदा आणि पूर्वीच्या तक्रारींचे क्रमांक एका फोल्डरमध्ये तारीखवार लावून, घरातील आणखी एका माणसाला ते कोठे आहे हे दाखवून ठेवावे. नव्या तक्रारीत जुन्याचा क्रमांक पहिल्याच ओळीत घालावा. आणि आठवड्यातून एकदा, आपल्या फोनवरून नव्हे तर शेजारणीच्या, आपलेच नाव शोधून पाहावे.